तीन जागांचं भाडं, दुरुस्ती आणि कागदपत्रं: साधं अ‍ॅप कोणतं घ्यावं?

सुलभा_कोथरूड | शनिवार, सकाळी १०:१२
नमस्कार. वडील गेल्यापासून तीन जागांचा हिशेब माझ्याकडे आला आहे. कोथरूडला वन बीएचके (भाडं १८,०००, एक कुटुंब), धायरीला दोन खोल्या (७,५००, एक रिक्षावाले काका) आणि वाकडला टू बीएचके (२७,०००, नोकरी करणारी तीन मुलं, प्रत्येकी ९,००० देतात). अण्णा सगळं एका लाल वहीत लिहायचे. मला ते मोबाइलवर हवं आहे. भाडं आलं की नाही, नळ-गीझर-रंग यांचा खर्च किती झाला आणि करारनामे, आधार, लाइटबिलं कुठे आहेत, एवढंच.

दोन अ‍ॅप वापरून पाहिली. पहिलं परदेशी निघालं. पत्त्यात राज्य म्हणून अमेरिकेतलीच नावं, बँक आपली जोडली जात नाही. दुसरं आपल्याकडचं होतं, दिसायला छान. पण कोथरूडच्या भाडेकरूंनी या महिन्यात गीझर दुरुस्तीचे १,८५० स्वतः भरले आणि भाडं १६,१५० पाठवलं. मला तसा निरोपही केला होता. मी १६,१५० जमा केले. अ‍ॅपने १,८५० बाकी दाखवली आणि ६ तारखेला त्यांना आपोआप तगाद्याचा मेसेज गेला. ते दुखावले. पाच वर्षं वेळेवर भाडं देणारा माणूस आहे हो. मी फोन करून माफी मागितली.

कुणी रोज वापरत असलेलं साधं अ‍ॅप सुचवाल का?

रोहित_औंध | १०:४०
ताई, अ‍ॅप कोणतंही घ्या, पण दुरुस्तीची बिलं स्कॅन करून ठेवता येतील असंच घ्या. वर्षअखेरीस भाड्याच्या उत्पन्नातून सगळा दुरुस्तीखर्च वजा करता येतो. मी प्लंबरकडूनही बिल मागून घेतो.

वहीवाला | १०:५५
वही काय वाईट आहे? चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही. माझ्या दोन खोल्या आहेत नारायण पेठेत, वीस वर्षं वहीवर चाललंय.

समीर_दुबई | ११:२०
मलाही हेच हवंय. माझा बाणेरचा फ्लॅट आहे, मी इथे दुबईत. भाडेकरू शोधून देणारं, भाडं वसूल करून माझ्या खात्यात टाकणारं कोणतं अ‍ॅप आहे? भाडं ३८,०००.

सुलभा_कोथरूड | ११:३१
समीरजी, भाडेकरू आहेत माझ्याकडे, शोधायचे नाहीत. फक्त नोंदी ठेवायच्या आहेत.

जमाखर्च | दुपारी १२:४५
मी छत्तीस वर्षं हिशेब लिहिले, आता निवृत्त आहे. सुलभाताई, तुमच्या गीझरच्या प्रसंगात अ‍ॅपपेक्षा नोंद करण्याची पद्धत चुकली, आणि ती बहुतेक अ‍ॅपमध्ये चुकतेच.

भाडेकरूंनी तुम्हाला पूर्ण १८,००० दिले. त्यातले १६,१५० बँकेतून आले आणि १,८५० त्यांनी तुमच्या वतीने गीझरवाल्याला दिले. म्हणून नोंदी चार होतात. येणे १८,०००. जमा १६,१५०, बँकेने. जमा १,८५०, वळते करून. आणि खर्च १,८५०, गीझर. बाकी शून्य, आणि गीझरचा खर्चही दुरुस्तीच्या खात्यात दिसला. तुम्ही फक्त दुसरी नोंद केलीत, म्हणून १,८५० लोंबकळत राहिले.

याचा कराशीही संबंध आहे. तुमचं वर्षाचं भाडं २,१६,००० धरलं जाईल, २,१४,१५० नाही. भाडेकरू नोकरदार असतील तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी ते कंपनीला पूर्ण भाडं दाखवतात, आणि वर्षाला १ लाखाच्या वर भाडं असलं की तुमचा पॅनही देतात. दोन्हीकडचे आकडे जुळायला हवेत.

रोहित, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बिलं ठेवावीत, पण करासाठी नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा मिळकतकर आधी वजा होतो, तोही मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरला असेल तरच. जे उरतं त्याच्या सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि दुरुस्ती त्यातच आली. तुम्ही रुपया खर्च केला नाहीत तरी ३० टक्के, आणि लाखभर खर्च केलात तरी ३० टक्केच.

रोहित_औंध | १:१०
अरेच्चा. मग माझ्या सल्लागाराने इतकी वर्षं काय केलं ते विचारतो. पण मग दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्याच कशाला?

जमाखर्च | १:२८
तीन वर्षांत तोच गीझर चौथ्यांदा दुरुस्त झाला हे कळावं म्हणून. मग नवा घ्यायचा की नाही ते ठरतं. शिवाय भाडेकरू सोडून जाताना डिपॉझिटमधून काय कापायचं, त्याला आधार लागतो.

मीनल_भाडेकरू | २:०५
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, आठ वर्षं भाड्याने राहते. मालकीणबाईंनी अ‍ॅप लावलं तेव्हा माझा फोन नंबर, आधार, ऑफिसचा पत्ता सगळं त्यात भरलं, मला न विचारता. नंतर कर्जाचे आणि पॅकर्स-मूव्हर्सचे फोन सुरू झाले. अ‍ॅपमुळेच आले का हे सिद्ध करू शकत नाही, पण तारखा जुळतात. कृपा करून भाडेकरूंचं आधार कुठल्याही अ‍ॅपमध्ये चढवू नका. आधारच्या वेबसाइटवरून शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत निघते, ती मागा आणि स्वतःकडे ठेवा.

आणि पावती! दर महिन्याला पावती मागायला फार संकोच वाटतो. जे काही वापराल त्यातून पावती निघेल असं बघा.

तन्मय_हिंजवडी | ३:१५
मी शीटवाला. गूगल शीटच पुरे आहे तीन जागांना. जमाखर्च काकांनी सांगितलं तसंच माझं आहे, फक्त मला त्याला वळते म्हणतात हे माहीत नव्हतं. एकच पान, नाव `नोंदी`. रकाने पाच: तारीख, जागा, प्रकार, रक्कम, मार्ग. प्रकारात येणे, जमा, खर्च. मार्गात बँक, रोख, वळते. शेवटी हवं तर टीप.

दुसऱ्या पानावर ए रकान्यात जागांची नावं आणि समोर बाकी काढणारं सूत्र:

```
=SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2,'नोंदी'!C:C,"येणे")
-SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2,'नोंदी'!C:C,"जमा")
```

दर १ तारखेला तीन येणे टाकायचे, पैसे आले की जमा. बाकी आपोआप. कुणालाही तगादा जात नाही, फोन करायचा की नाही ते तुम्ही ठरवता.

सुलभा_कोथरूड | संध्या. ५:४०
तन्मय, करून पाहिलं. पण कोथरूडची बाकी १८,००० दाखवतंय. नोंदी तर चारही केल्या आहेत.

तन्मय_हिंजवडी | ५:५२
ताई, जागेच्या रकान्यात सगळीकडे नाव सारखंच लिहिलंय का बघा. एकीकडे कोथरूड आणि एकीकडे कोथरुड झालं की सूत्राला त्या दोन वेगळ्या जागा वाटतात.

सुलभा_कोथरूड | ६:०३
हो! येणे दीर्घ रू, जमा दोन्ही ऱ्हस्व. पण ते दुरुस्त केल्यावर आता १,८५० बाकी दाखवतंय.

तन्मय_हिंजवडी | ६:१५
मग तो १,८५० आकडा मराठी कीबोर्डवरून देवनागरीत पडला असणार. माझ्याकडे असंच झालं होतं, तो मजकूर धरला गेला आणि बेरजेत आलाच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. संख्या चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. रकमेच्या रकान्यात डावीकडे काही दिसलं की तो आकडा इंग्रजी अंकांत परत टाका.

आणि जागा, प्रकार, मार्ग हे तीनही रकाने `Insert` मध्ये जाऊन `Dropdown` करून टाका. मग टाइप करायचंच नाही, नुसतं निवडायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच मिटतो.

सुलभा_कोथरूड | ६:३८
शून्य आली!! शाळेत गणिताचा ताळा जुळला की व्हायचा तसा आनंद झाला.

वहीवाला | ७:००
वहीत ऱ्हस्व-दीर्घ कसंही लिहा, बेरीज येते. 🙂

अश्विनी_सिंहगडरोड | रात्री ९:२०
शीट चांगलं आहे, पण कागदपत्रांबद्दल कुणी बोललंच नाही. माझा अनुभव सांगते, लांब आहे.

मागच्या वर्षी भाडेकरू सोडून गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याला कडेला तडा होता. ते म्हणाले आधीपासून होता. मी म्हटलं नव्हता. राहायला आले त्या दिवशी मी तीस-चाळीस फोटो काढून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, म्हणून निश्चिंत होते. मधल्या काळात माझा फोन बदलला. चॅटमध्ये फोटोंच्या जागी धूसर चौकोन, दाबलं तर डाउनलोड होत नाही. त्यांच्या फोनमध्येही नव्हते, निदान ते तसं म्हणाले. ओटा बदलायचा खर्च ७,००० आला आणि मी डिपॉझिट पूर्ण परत दिलं. पुरावाच नव्हता तर कापणार कसं? खरंच आधीचा असेल तर, हेही मनात होतंच.

आता प्रत्येक जागेचा ड्राइव्हवर एक फोल्डर आहे. किल्ली देण्याच्या दिवशी दारापासून बाल्कनीपर्यंत एक सलग व्हिडिओ काढते, त्यात लाइटच्या मीटरचा आकडा आणि गीझर-पंखे चालू करून दाखवते. त्याच संध्याकाळी फोल्डरची लिंक भाडेकरूंना ईमेल करते आणि 'पाहिलं, बरोबर आहे' एवढं उत्तर मागते. ते उत्तर आलं की वाद होत नाही. फोटोंपेक्षा व्हिडिओ बरा, कारण फोटो कोणत्या खोलीतला हे वर्षाने आठवत नाही.

तन्मय_हिंजवडी | ९:४५
अश्विनीताई, व्हिडिओंनी जागा भरेल. ड्राइव्हवर १५ जीबी फुकट, त्यात जीमेल आणि फोटोही आले.

अश्विनी_सिंहगडरोड | ९:५८
हो, म्हणून भाडेकरू सोडून गेले आणि डिपॉझिटचा हिशेब मिटला की तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवते. आणि फायलींची नावं तारखेने सुरू करते, `2025-06-01_Kothrud_karar.pdf` अशी. मग त्या आपोआप क्रमाने लागतात.

प्रकाश_धनकवडी | रविवार, सकाळी ८:३०
करारनाम्याचं काय एवढं? अकरा महिन्यांचा असला की नोटरी पुरते, नोंदणी लागत नाही. एक झेरॉक्स ठेवली की झालं.

जमाखर्च | ९:१५
प्रकाशराव, हा समज फार पसरलेला आहे, पण महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास शिक्षाही मालकालाच. वाद झाला आणि करार नोंदलेला नसला, तर अटींबाबत भाडेकरू काय सांगतो ते ग्राह्य धरलं जातं. म्हणजे तोंडी १८,००० ठरले आणि तो १५,००० म्हणाला, तर खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. सुलभाताई, फोल्डरमध्ये नोंदणी झालेली प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच, दोन्ही ठेवा.

सुलभा_कोथरूड | १०:०५
कोथरूडचा करार नोंदलेला आहे. वाकडचाही आहे, पण त्यातल्या एका मुलाने दिवाळीनंतर जागा सोडली आणि त्याच्या जागी त्याचा मित्र आला. डिपॉझिट ६०,०००, प्रत्येकी २०,०००. जाणाऱ्याला येणाऱ्याने परस्पर २०,००० दिले. माझ्या हातात काहीच आलं-गेलं नाही, तर याची नोंद करायची का?

जमाखर्च | १०:५०
जरूर करायची, नाहीतर वर्षाने तुम्ही ज्याला डिपॉझिट परत द्याल तो वेगळाच निघेल. दोन ओळी करा. जाणाऱ्याच्या नावे डिपॉझिट परत २०,०००, येणाऱ्याच्या नावे डिपॉझिट घेतले २०,०००, मार्ग परस्पर. आणि दोघांकडून तसा एकेक मेसेज घ्या. डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नव्हे, लोकांचं तुमच्याकडे ठेवलेलं देणं आहे. म्हणून त्याला वेगळं पान, भाड्याच्या पानात मिसळू नका. पाहिलेल्या दोन-तीन अ‍ॅपमध्ये डिपॉझिट त्या महिन्याच्या कमाईत धरलेलं दिसलं मला.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट, करारात जुन्या मुलाचं नाव आहे. नवा मुलगा तुमच्या घरात कागदावर नाहीच. नवा करार करा आणि पोलिसांना नव्याने माहिती द्या.

रोहित_औंध | ११:१०
दर वेळी मुलगा बदलला की नवा करार? वाकड-हिंजवडीत सहा महिन्यांनी कुणी ना कुणी बदलतंच. प्रत्येक वेळी मुद्रांक शुल्क, नोंदणी, एजंट. प्रत्यक्षात कोण करतं?

जमाखर्च | ११:२२
कोण करतं ते माहीत आहे. मी करा म्हणतोय.

तन्मय_हिंजवडी | ११:४०
वाकडबद्दल एक प्रश्न. तीन मुलं वेगवेगळे ९,००० पाठवतात. येणे २७,००० ची एक ओळ करायची की तीन? मी एकच करतो, कारण करारात भाडं एकत्रित आहे.

अश्विनी_सिंहगडरोड | ११:५५
मी तीन करते. एकाने दिले नाहीत तर कुणाला फोन करायचा ते लगेच दिसतं.

जमाखर्च | दुपारी १२:३०
करारात एकत्रित भाडं असेल तर कुणीही कमी दिलं तरी येणं तिघांकडून आहे. तीन ओळी केल्यात की तुम्ही स्वतःच तीन वेगळे भाडेकरू मान्य केल्यासारखं दिसतं. येणे एक, जमा तीन, नाव टिपेत. अश्विनीताईंची सोयही त्यात होते.

अश्विनी_सिंहगडरोड | १२:४१
मला पटलं नाही. शीट माझं मी बघते, कोर्टात कोण नेणार आहे ते? मी तीनच ठेवणार.

समीर_दुबई | १:१५
मी पहिल्यांदा प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. पण आता हे शीट मीही करतोय. माझे भाडेकरू म्हणतात कर कापून भाडं देणार. ५०,००० च्या आत भाडं असलं की कापायचा नसतो ना?

जमाखर्च | १:४०
ती मर्यादा मालक भारतात निवासी असेल तेव्हाची. महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरू २ टक्के कापतो, १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ टक्के होते. तुम्ही अनिवासी आहात, तिथे भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने कर कापायचा असतो, आणि दरही बराच जास्त असतो. तुमचे भाडेकरू जागरूक आहेत. शीटमध्ये मार्गाच्या यादीत कर कपात असा एक शब्द वाढवा. येणे ३८,०००, बँकेने आले तेवढे जमा, उरलेले कर कपात म्हणून जमा. गीझरसारखंच आहे हे. त्यांच्याकडून कपातीचं प्रमाणपत्र मागा आणि फोल्डरमध्ये टाका.

मीनल_भाडेकरू | २:१०
पावतीचं राहिलंच.

तन्मय_हिंजवडी | २:३५
तिसऱ्या पानावर पावतीचा नमुना करून ठेवा, नाव-महिना-रक्कम बदलून पीडीएफ काढायची. दोन मिनिटं लागतात. वळत्याच्या महिन्यातही पावती पूर्ण १८,००० चीच द्यायची, बरोबर ना काका?

जमाखर्च | २:४४
बरोबर. ५,००० च्या वर रोख घेतलेत तर पावतीवर १ रुपयाचा महसूल स्टॅम्पही.

नेहा_एनआयबीएम | रात्री १०:३०
शीट सगळ्यांना जमेलच असं नाही. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना रकाने दिसतच नाहीत फोनवर. त्यांना मी उधारी-जमा लिहायचं दुकानदारांचं अ‍ॅप दिलंय. प्रत्येक भाडेकरू म्हणजे एक ग्राहक, १ तारखेला 'दिले' मध्ये भाडं टाकायचं, आलं की 'मिळाले'. आपोआप जाणारे मेसेज सेटिंगमध्ये जाऊन बंद केले. वळतं करायला 'मिळाले' मध्ये दोन नोंदी करतात, टिपेत गीझर. छान चाललंय.

घेण्याआधी एक चाचणी केली होती, ती सांगते. पहिल्या दिवशी खोटा भाडेकरू तयार करून तीन नोंदी टाकल्या: अर्धं भाडं, वळती केलेली रक्कम आणि डिपॉझिट. मग सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढून पाहिलं. आधीचं एक अ‍ॅप यातच नापास झालं. त्यातून नुसती पीडीएफ निघायची, आणि वर्षभराने ते बंद पडलं तेव्हा माझ्या वहिनीला १४ महिन्यांच्या नोंदी हाताने परत लिहाव्या लागल्या.

सुलभा_कोथरूड | पुढच्या महिन्यात, मंगळवार, संध्या. ६:२०
सगळ्यांचे मनापासून आभार. कळवायचं राहिलं होतं. शीटवरच स्थिर झाले. तीन जागांचे तीन फोल्डर केले. करार संपायची तारीख शीटमध्येच काढते, सुरुवातीची तारीख बी रकान्यात आणि सूत्र `=EDATE(B2,11)-1`. त्याच्या दोन महिने आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली. वाकडचा नवा करार परवा नोंदला, तीनही मुलं बोटांचे ठसे द्यायला हजर होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अण्णांच्या वहीतल्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी शीटमध्ये भरत होते. धायरीच्या रिक्षावाल्या काकांच्या नावावर १,२०० बाकी होती, महिन्यामागून महिना पुढे ओढलेली. ती सुरू झाली त्या पानाच्या समासात अण्णांनी बारीक लिहिलं होतं, 'नळ, त्यांनी केला.' म्हणजे ते पैसे काकांनी नळाला घातले होते आणि वळते करायचे राहून गेले होते. मी मध्यंतरी दोनदा त्यांना त्या बाकीची आठवण केली होती आणि मागच्या महिन्यात त्यांनी १,२०० जास्तीचे दिलेही, एक शब्द न बोलता.

आज जाऊन परत देऊन आले. शीटमध्ये काय लिहू ते कळेना, म्हणून विचारते.

जमाखर्च | ६:५५
नळाच्या तारखेला दोन ओळी: जमा १,२००, वळते. खर्च १,२००, नळ. मागच्या महिन्यात जास्तीचे आले ते जमाच राहू द्या, बँक किंवा रोख, जसे आले तसे. आज परत दिलेत ते जमा म्हणूनच, पण उणे १,२००, मार्ग रोख. बाकी शून्य येईल. टिपेत कारण लिहा.

सुलभा_कोथरूड | ७:०८
आली.

वहीवाला | ७:३०
सुलभाताई, माझ्याही वहीत अशा बाक्या असतील. तन्मय, ते शीट मला पाठवशील का? नात रविवारी येणार आहे, तिच्याकडून शिकून घेतो.